सात ग्रॅमचा तुकडा तपासलाच नाही

मादक पदार्थांच्या कायद्यावर वाचायला बसलात की पहिल्यांदा तो तक्ता समोर येतो: गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक. आपण विज्ञानवाले, आकडा दिसला की तो मोजमापातून आला असेल असं धरून चालतो. या आकड्यांचं तसं नाही. ते कुठून आले आणि काय मोजतात, हे बघायला गोव्यातला एक खटला घेऊ.

एका परदेशी माणसाजवळ एक पाकीट सापडलं. त्यात तंबाखू, सिगारेटचे कागद आणि चरसाचे दोन तुकडे, एक साधारण ७ ग्रॅमचा, दुसरा ५ ग्रॅमच्या आसपास. एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला तेव्हा त्यात मधली पायरीच नव्हती. चरस बाळगलं की किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. सुटायची वाट एकच, कलम २७. माल ‘अल्प प्रमाणात’ आहे आणि तो स्वतःच्या सेवनासाठीच आहे, या दोन्ही गोष्टी हव्यात. त्यातली दुसरी आरोपीने सिद्ध करायची. चरसासाठी ‘अल्प’ म्हणजे ५ ग्रॅम, गांजासाठी ५०० ग्रॅम. ही वाट सापडली तर चरसासाठी शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे पाच आणि सहा ग्रॅममध्ये साडेनऊ वर्षांचं अंतर!

खालच्या न्यायालयात १० वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयात १९९३ मध्ये मात्र मुद्दा वेगळाच निघाला. रासायनिक तपासणीला एकच तुकडा गेला होता, ५ ग्रॅमहून थोडा कमी भरलेला. सात ग्रॅमचा तुकडा तपासलाच नव्हता. मग तो चरसच होता हे कशावरून? न्यायालयाने सिद्ध झालेला तुकडा तेवढा धरला. तो ५ ग्रॅमच्या आत, सोबत ओढण्याचं सामान. दहा वर्षांचे सहा महिने झाले. नमुना कसा घेतला यावर निष्कर्ष किती हलतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी प्रयोगशाळेत मिळालेलं नाही.

ही दरी फार रुंद आहे हे पटल्यावर २००१ मध्ये कायदा बदलला. २ ऑक्टोबर २००१ पासून तीन पायऱ्या आल्या: अल्प, व्यावसायिक आणि या दोन्हींच्या मधलं. चरसाची अल्प मर्यादा १०० ग्रॅम झाली, व्यावसायिक १ किलो. मधल्या पायरीला किमान शिक्षा नाही, १० वर्षांपर्यंत कितीही. व्यावसायिकला १० ते २० वर्षं आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण इथे चुकतात. नव्या व्याख्येत हेतू उरला नाही. ‘अल्प’ म्हणजे ‘स्वतःसाठी’ नव्हे. समजा आर्णीच्या बसस्थानकावर कुणी पुड्या बांधून विकायला ९०० ग्रॅम गांजा आणला, तो अल्पच. आणि दुसऱ्याने वर्षभर स्वतःच ओढायचा म्हणून दीड किलो साठवला. तो मधल्या पायरीत. सेवनाचा गुन्हा कलम २७ मध्ये आता वेगळा आहे. वजन हा हेतूचा अंदाज आहे, पुरावा नव्हे, पण कायदा त्या अंदाजावरच शिक्षा मोजतो.

मग प्रश्न: वजन कशाचं? आपल्याकडे कापूस विकणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही, ओला कापूस काट्यावर जास्त भरतोच. एका प्रकरणात ४ किलोहून थोडं जास्त हेरॉइन पकडलं, पण शुद्धता फक्त दीड टक्क्याच्या आसपास. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंश मोजला: साधारण ६० ग्रॅम. हेरॉइनची व्यावसायिक मर्यादा २५० ग्रॅम, म्हणून माल मधल्या पायरीत. केंद्राने लगेच पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजा असं सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००८ चा निकाल रद्दच ठरवला. पदार्थ बाजारात भेसळ करूनच विकला जातो आणि तसाच घातक असतो, असं त्यामागचं म्हणणं. तोच ४ किलोचा माल आज पूर्ण व्यावसायिक.

गांजात आणखी एक फाटा आहे. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. शेतातलं अख्खं झाड मुळासकट काट्यावर चढवलं तर आकडा फुगतो, आणि जामिनाच्या सुनावणीत बचावाचा वकील पहिलं बोट पंचनाम्यातल्या याच वजनावर ठेवतो.

म्हणून या विषयावरचा कुठलाही निकाल वाचताना आधी गुन्ह्याची तारीख बघा, मग निकालाची. २००१ चा बदल तेव्हा अपिलात असलेल्या खटल्यांना लागू केला नव्हता, त्यामुळे त्यानंतरच्या काही वर्षांच्या निकालांतही जुने ५ ग्रॅम भेटतील.