भ्रमाशी वाद न घालणारे उपचार : एक ऐतिहासिक आढावा

१९५२ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी एका रुग्णाच्या उपचारांची नोंद प्रसिद्ध केली. सरकारी हेर आपल्या मागावर आहेत, अशी त्याची ठाम समजूत होती. बेक यांनी ती केव्हा व कशी निर्माण झाली याचा मागोवा घेतला आणि संशयितांच्या वर्तनाचे निरीक्षण रुग्णालाच करावयास लावले. हळूहळू एकेक व्यक्ती संशयाबाहेर गेली.

१९७३ मध्ये वॉट्स, पॉवेल व ऑस्टिन यांनी या दिशेला नियमांचे रूप दिले. आरंभ सर्वांत कमी दृढ समजुतीपासून करावा. ती सोडण्याचा आग्रह न धरता पर्यायी अर्थाचा विचार सुचवावा. चर्चा पुराव्यावर ठेवावी. विरोधी मुद्दे रुग्णाच्याच तोंडून यावेत. थेट विरोधाने समजूत उलट घट्ट होण्याचा धोका असतो, हे यामागील कारण होय.

१९९४ मध्ये चॅडविक व बर्चवुड यांनी हेच सूत्र ऐकू येणाऱ्या आवाजांना लावले. आवाज सर्वशक्तिमान आहे या समजुतीतून त्रास उद्भवतो. म्हणून तो सुरू वा बंद करणे आपल्याला जमते का, हे रुग्ण स्वतः पडताळून पाहतो. आवाज थांबेलच असे नाही, मात्र त्याचा धाक ओसरू शकतो. पुढील चाचण्यांत या पद्धतीचा सरासरी लाभ मर्यादितच आढळला.