खर्र्यातला चुना आणि व्हेपमधलं आम्ल

दिवाळीत बल्लारपूरला गेलो होतो. पानठेल्यावर भाऊ खर्रा घोटत होता: सुपारी, तंबाखू, चुना. म्हटलं, चुना एवढा कशाला? तो म्हणाला, "चुना कमी पडला तं खर्रा लागतच नाही भाऊ!"

शेजारी उभ्या मावसभावाने खिशातून पुण्याहून आणलेलं व्हेप काढलं. "मी खर्रा, सिगरेट सगळं सोडलं. यात नुसती वाफ." त्याचा चेहरा इतका निर्धास्त होता की परतीच्या रेल्वेत हाच विषय डोक्यात घोळत राहिला. निकोटिनचा इतिहास म्हणजे बराचसा आम्ल आणि अल्कलीचा इतिहास आहे!

पानठेलेवाल्याचं बरोबर होतं. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो. असा रेणू गालाच्या आतल्या त्वचेतून सहज रक्तात शिरतो. पण हळूहळू, मिनिटांच्या हिशेबाने.

19व्या शतकात अमेरिकेत गरम हवेत वाळवलेला पिवळा तंबाखू आला. त्याचा धूर किंचित आम्लधर्मी, म्हणून घशाला सौम्य. लोक तो थेट छातीत ओढू लागले. फुप्फुसाचा पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे तिथे आम्लाची अडचण उरत नाही आणि निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. 1881 साली बॉन्सॅकच्या यंत्राचं पेटंट झालं. ते मिनिटाला सुमारे 200 सिगरेटी वळायचं.

सवय लागते ती या वेगामुळे. निकोटिन मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनच्या कुलपांत बसतं आणि डोपामिन सुटतं. झुरका आणि बक्षीस यांत अंतरच नसल्याने मेंदू दोन्हींची गाठ पक्की मारतो. रोजच्या माऱ्याने कुलपं बधिर होतात, म्हणून मेंदू त्यांची संख्या वाढवतो. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्मं होतं, कुलपं रिकामी पडतात आणि चिडचिड सुरू! पुढचा झुरका मजेपेक्षा ही चिडचिड थांबवायलाच असतो.

आता व्हेप. 2003 च्या सुमारास चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी ते घडवलं. तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. इथवर मावसभावाचं खरं. पण सुरुवातीच्या द्रवात निकोटिन वाढवलं की घसा जळायचा. तोच लगाम होता. 2015 मध्ये ज्यूलने बेन्झोइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार वापरला आणि लगाम सुटला. तीव्र डोसही घशाला सौम्य!

शिवाय सिगरेट दहाएक झुरक्यांत संपते, थोटूक विझवावं लागतं. व्हेपला थोटूकच नाही. भारतात 2019 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे चोरून येणाऱ्या द्रवात काय आणि किती आहे, हे तपासणारंही कोणी नाही.

मावसभावाला फोन करून एकच विचारलं, "सकाळी उठल्यावर किती वेळात ओढतोस?" व्यसनाची खोली जोखायला डॉक्टरही हेच विचारतात.

"डोळे उघडले की. उशीखालीच असतं ना."

खर्र्यासाठी निदान ठेल्यापर्यंत चालत जावं लागायचं... असो.