प्रक्रिया हिस्टोरियन

प्रक्रिया हिस्टोरियन (किंवा नुसते हिस्टोरियन) ही कारखाने, वीजकेंद्रे, पाणीपुरवठा योजना इत्यादी ठिकाणच्या उपकरणांची मोजमापे वेळेसह दीर्घकाळ साठवून ठेवणारी संगणकीय नोंदप्रणाली होय. दाब, तापमान, प्रवाह, पंप चालू आहे की बंद, अशा प्रत्येक राशीला तीत एक 'टॅग' दिलेला असतो. टॅगच्या प्रत्येक नोंदीचे तीन भाग असतात : मूल्य, टाइमस्टॅम्प आणि गुणवत्ता, म्हणजे ते मूल्य विश्वासार्ह आहे की नाही याची खूण. जे. पॅट्रिक केनेडी यांनी १९८० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या कंपनीची (नंतरचे नाव ओएसआयसॉफ्ट) 'पीआय सिस्टिम' ही या प्रकारातील सर्वपरिचित प्रणाली आहे. २०२१ साली ही कंपनी अवेवाने विकत घेतली.

हिस्टोरियनमधील नोंद ही घडलेल्या घटनांची संपूर्ण प्रत नसते. कोणती वाचने गाळायची, उरलेल्यांना कोणाच्या घड्याळाची वेळ द्यायची आणि संपर्क तुटल्यावर ती कोठे साठवायची, हे तीन निर्णय आधीच घेतलेले असतात. एखाद्या बिघाडाचा घटनाक्रम नोंदींवरून खात्रीने सांगता येईल की नाही, हे या तिन्हींवर अवलंबून असते.

## उदाहरणासाठी घेतलेली परिस्थिती

समजा, एक पंपिंग स्टेशन उंचावरील जलकुंभात पाणी चढवते. तेथील आरटीयू, म्हणजे दूरस्थ नोंदयंत्र, पंपापुढील नळाचा दाब दर सेकंदाला वाचते आणि डीएनपी३ या संदेशपद्धतीने मध्यवर्ती केंद्राकडे पाठवते. पंप चालू आहे की बंद, ही माहिती मात्र पंपाच्या पॅनेलकडून मॉडबस पद्धतीने घेतली जाते. केंद्रातील संगणक दर ३० सेकंदांनी ती विचारतो. दोन्ही संदेश एकाच मोबाइल जोडणीवरून जातात. पंप चालू असताना दाब ६.०० बार असतो. पंप थांबला की एकमार्गी झडप बंद होते आणि जलकुंभाच्या उंचीमुळे येणारा ४.२० बार एवढाच दाब उरतो.

## डेडबँड संक्षेपण

दर सेकंदाचे वाचन साठवले, तर एका टॅगच्या दिवसाला ८६,४०० नोंदी होतात. त्यांतील बहुतेक एकसारख्या असतात. म्हणून नवे मूल्य मागील मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे बदलले, तरच ते पाठवले जाते. या मर्यादेला डेडबँड म्हणतात. नियम असा :

```
|v − v0| ≥ d
```

येथे `v` हे नवे वाचन, `v0` हे शेवटचे पाठवलेले मूल्य आणि `d` हा डेडबँड होय. तुलना शेवटच्या वाचनाशी नव्हे, तर शेवटच्या पाठवलेल्या मूल्याशी करायची असते. वाचनाशी केली, तर दर सेकंदाला अगदी थोडा घटणारा दाब मर्यादा कधीच ओलांडत नाही आणि तासाभरात तो अर्ध्यावर आला तरी एकही नोंद होत नाही.

डेडबँड उपकरणाच्या नेहमीच्या थरथरीपेक्षा थोडा मोठा ठेवतात. तो थरथरीपेक्षा लहान असेल, तर निरुपयोगी चढउतार साठत राहतात. फार मोठा असेल, तर खरे बदल लपतात. ओपीसी यूए या प्रमाणित संदेशपद्धतीत डेडबँड निरपेक्ष किंवा टक्केवारीने देता येतो. ही टक्केवारी चालू मूल्याची नसून टॅगच्या ठरलेल्या मापनकक्षेची असते. ० ते १० बार कक्षेच्या दाबमापकाला ०.५ टक्के डेडबँड दिला, तर दाब २ बार असो वा ८ बार, मर्यादा ०.०५ बार एवढीच राहते.

डेडबँडसोबत आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे कमाल मुदत. उदाहरणात ती १० मिनिटे धरू. मूल्य बदलले नाही तरी तेवढ्या वेळात एक नोंद पाठवलीच जाते. त्यामुळे 'बदल नाही' आणि 'माहिती नाही' यांतला फरक ओळखता येतो. एखाद्या टॅगच्या दोन नोंदींत १० मिनिटांहून जास्त अंतर दिसले, तर तो काळ स्थिरतेचा नव्हे, संपर्क तुटल्याचा किंवा उपकरण बंद पडल्याचा समजावा.

दुसरी गोष्ट म्हणजे आधीचे वाचन. समजा, ०६:१०:०० वाजता ६.०० बार ही मुदतीची नोंद झाली. ०६:१८:२९ ला दाब ६.०१ होता, म्हणून ते वाचन गाळले गेले. ०६:१८:३० ला तो एकदम ४.२० झाला आणि ती नोंद पाठवली गेली. आलेख काढणारा प्रोग्राम दोन नोंदी सरळ रेषेने जोडतो. परिणामी दाब साडेआठ मिनिटे हळूहळू घटत होता असे चित्र दिसते, जणू नळाला गळती लागली होती. हे टाळण्यासाठी मर्यादा ओलांडली जाताच त्याच्या लगेच आधीचे, गाळलेले वाचनही त्याच्या मूळ वेळेसह पाठवतात. मग रेषा ०६:१८:२९ पर्यंत आडवी राहून तेथून सरळ खाली येते.

एकसारख्या चढत्या किंवा उतरत्या राशीला डेडबँड फारसा उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक ०.०५ बारला नवी नोंद होते. अशा वेळी फॉक्सबरो कंपनीच्या एडगर ब्रिस्टल यांची 'स्विंगिंग डोअर' पद्धत वापरतात. तिचे अमेरिकी पेटंट १९८७ सालचे आहे. या पद्धतीत शेवटच्या साठवलेल्या बिंदूपासून निघणारी एकच सरळ रेषा मधल्या सर्व वाचनांच्या ठरावीक अंतरातून जाऊ शकते का, हे पाहतात. जोवर जाऊ शकते, तोवर मधला बिंदू साठवला जात नाही. पीआय सिस्टिममध्ये दोन्ही चाळण्या एकामागून एक असतात : डेडबँड माहिती गोळा करण्याच्या ठिकाणी आणि स्विंगिंग डोअर साठवणीच्या ठिकाणी.

गाळलेल्या नोंदींची साधी सरासरी काढणे चूक ठरते. एका तासात ५० मिनिटे दाब ६ बार स्थिर होता आणि त्याच्या ५ नोंदी झाल्या. उरलेली १० मिनिटे तो ४ बारच्या आसपास हेलकावे खात होता आणि त्याच्या ६० नोंदी झाल्या, असे धरू. साधी सरासरी ४.१५ बार येते. प्रत्येक मूल्य जितका वेळ टिकले तितके वजन त्याला दिले, तर ५.६७ बार हे योग्य उत्तर मिळते.

## टाइमस्टॅम्पचा उगम

टाइमस्टॅम्प तीन ठिकाणी लागू शकतो : मोजणाऱ्या उपकरणात, माहिती गोळा करणाऱ्या संगणकात किंवा खुद्द हिस्टोरियनमध्ये. ओपीसी यूए पद्धतीत यासाठी `SourceTimestamp` आणि `ServerTimestamp` अशी दोन वेगळी स्थाने आहेत. डीएनपी३ मध्ये आरटीयू घटनेसोबत स्वतःची वेळ पाठवू शकते. मॉडबसच्या संदेशरचनेत वेळेसाठी जागाच नाही. म्हणून मॉडबसवरून आलेल्या मूल्याला बहुधा ते विचारणाऱ्या संगणकाची वेळ दिली जाते.

उदाहरणात पंप प्रत्यक्षात ०६:१८:२८ ला थांबला आणि दोन सेकंदांनी दाब उतरला. दाबाला आरटीयूने ०६:१८:३० ही खरी वेळ दिली. पंपाची स्थिती मात्र ०६:१८:११ नंतर थेट ०६:१८:४१ ला विचारली गेली आणि तीच वेळ नोंदवली गेली. आता नोंदीत आधी दाब पडलेला आणि अकरा सेकंदांनी पंप थांबलेला दिसतो. वाचणारा म्हणेल की नळ फुटला आणि कमी दाबामुळे पंप बंद पडला. वस्तुतः बिघाड पंपाच्या विद्युत बाजूला होता. दुरुस्तीचे पथक मात्र नळाच्या मार्गावर फुटलेली जागा शोधत बसेल. वेगवेगळ्या उगमाचे टाइमस्टॅम्प असलेल्या दोन टॅगची क्रमवारी लावताना त्यांच्या वाचनांतील अंतराएवढी अनिश्चितता गृहीत धरावी लागते. येथे ती ३० सेकंद आहे.

उपकरणाची वेळ घटनेच्या सर्वांत जवळची असली, तरी ती त्याच्या घड्याळाइतकीच विश्वासार्ह असते. म्हणून घड्याळे एनटीपी पद्धतीने, अधिक अचूकता हवी तेथे पीटीपी पद्धतीने, जुळवतात. डीएनपी३ उपकरणाला वेळ जुळवून हवी असल्यास ते उत्तरात `NEED_TIME` ही खूण लावते. साठवण सामान्यतः यूटीसीमध्ये करून दाखवताना स्थानिक वेळेत रूपांतर करतात. भारतात उन्हाळी वेळ नसल्याने एक गोंधळ टळतो. मात्र एखादे उपकरण भारतीय वेळ हीच यूटीसी म्हणून पाठवत असेल, तर त्याच्या नोंदी बरोबर ५ तास ३० मिनिटे पुढे सरकतात. अशा भविष्यकाळातील नोंदी हिस्टोरियन नाकारूही शकतो.

## संपर्क तुटल्यावरची साठवण

संपर्क नसताना नोंदी स्थानिक स्मृतीत ठेवून तो परत आल्यावर पाठवण्याच्या पद्धतीला बफरिंग म्हणतात. बफर तुटलेल्या दुव्याच्या अलीकडे, म्हणजे मोजणाऱ्या बाजूला असेल, तरच त्याचा उपयोग होतो. हिस्टोरियन आणि माहिती गोळा करणारा संगणक यांच्यातील दुवा तुटला, तर त्या संगणकातील बफर नोंदी सांभाळतो. पण तो संगणक आणि उपकरण यांच्यातील दुवा तुटला, तर तोच बफर निरुपयोगी ठरतो, कारण जे वाचलेच गेले नाही ते साठवता येत नाही.

उदाहरणात मोबाइल जोडणी ०६:२५ ते ०७:४० बंद राहिली आणि ०६:५० ला पंप पुन्हा सुरू झाला, असे धरू. दाबाच्या घटना आरटीयूच्या स्मृतीत साठत राहिल्या. पंपाची स्थिती केंद्रातून विचारली जात असल्याने ती कोठेही साठली नाही. ०७:४० नंतर दाबाचा आलेख मागील वेळेसह भरून निघतो आणि ०६:५० ची चढण त्यात दिसते. पंपाचा टॅग मात्र त्या काळात रिकामा असतो. मधल्या काळावर वाईट गुणवत्तेची खूण हवी. पीआय सिस्टिममध्ये `I/O Timeout` अशी अवस्था नोंदवता येते. ती खूण नसेल, तर 'बंद' हे शेवटचे मूल्य ०७:४० पर्यंत ओढले जाते आणि पंप बंद असताना दाब चढल्याचे अशक्य चित्र तयार होते.

बफरची क्षमताही मर्यादित असते. या आरटीयूवर ४० टॅग असून डेडबँडनंतर प्रत्येकाची सरासरी दर १० सेकंदांना एक नोंद होत असेल, तर सेकंदाला ४ आणि ७५ मिनिटांत १८,००० नोंदी होतात. स्मृती १०,००० नोंदींची असेल, तर ती सुमारे ४२ मिनिटांत भरते. त्यापुढे जुन्या नोंदी टाकल्या, तर साधारण ०६:५८ नंतरच्याच हाती लागतात आणि पंप सुरू झाल्याचा क्षण हरवतो. नव्या टाकल्या, तर तो क्षण टिकतो, पण ०७:०७ नंतरचे काही उरत नाही. डीएनपी३ मध्ये असा बफर भरून वाहिल्याचे `EVENT_BUFFER_OVERFLOW` या खुणेने कळते.

संपर्क आल्यावर साठा लगेच रिकामा होत नाही. जोडणी सेकंदाला २० नोंदी नेत असेल आणि त्यांतील ४ चालू घडामोडींच्या असतील, तर साठ्यासाठी १६ उरतात आणि १०,००० नोंदींना १० मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. काटेकोरपणे आधी आलेली आधी पाठवायची असे धोरण असल्यास या काळात पडद्यावर जुनी मूल्ये दिसत राहतात. म्हणून काही प्रणाली चालू मूल्ये आणि साठा वेगवेगळ्या मार्गांनी पाठवतात. मात्र उशिरा आलेल्या नोंदींना मूळ वेळच हवी. त्यांना पोहोचण्याची वेळ दिली गेली, तर सव्वा तासाची सारी घडामोड ०७:४० नंतरच्या काही मिनिटांत कोंबल्यासारखी दिसते. आलेखातील मोठे अंतर आणि त्यामागोमाग नोंदींची दाट उभी पट्टी ही या दोषाची ओळखण्याची खूण होय.

मागाहून नोंदी भरल्या गेल्या, तरी आधीच काढलेले अहवाल आपोआप सुधारतातच असे नाही. ०७:०० वाजता काढलेली तासाची सरासरी ०६:२५ पर्यंतच्याच माहितीवर आधारलेली असते. साठा पूर्ण रिकामा झाल्यावर त्या काळाची गणिते पुन्हा चालवावी लागतात.