दिवाळीचा हिशोब, मार्चचा हिशोब आणि वाशिमचं सोयाबीन

फिफो म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांना क्यू आठवतो. जो आधी आत गेला तो आधी बाहेर. हाच नियम गोदामातल्या मालाला लावला, की त्यातून नफ्याचा आकडा बदलतो, कराचा आकडा बदलतो आणि बँक किती पैसे उचलू देणार तेही बदलतं. माल तोच, गोदाम तेच, रोकडही तीच. या वीकएंडला ही गंमत वाशिम जिल्ह्याच्या निमित्ताने बघू.

वाशिमच का? कारण हा जिल्हा सोयाबीनचा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही बाजार समितीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर कट्ट्यांच्या थप्प्या दिसतील. आणि २०२०-२१ च्या हंगामात या पिकाच्या भावाने जे केलं, ते हा विषय समजून घ्यायला अगदी नेमकं उदाहरण आहे.

पण आधी थोडा इतिहास. आपल्याकडच्या व्यापाऱ्याचं वर्ष पूर्वी दिवाळीला संपायचं. लक्ष्मीपूजनाला वही पूजन, पाडव्याला नवी वही. ही नुसती धार्मिक रीत नव्हती, तिच्यामागे खरीप पिकाचं गणित होतं. दिवाळीपर्यंत गेल्या हंगामाचा माल बहुतेक विकून झालेला असायचा. नवा माल नुकता यायला लागलेला. म्हणजे हिशोब बंद करायच्या दिवशी गोदामात एक तर फार काही नसायचं, आणि जे असायचं ते गेल्या दोन-चार आठवड्यांत जवळपास एकाच भावाने घेतलेलं. अशा मालाचं मूल्य काढायला कुठली पद्धत वापरायची, हा प्रश्नच फारसा उभा राहत नसे.

आयकर कायद्यालाही हे चालायचं. १९६१ च्या कायद्यात ज्याला त्याला आपलं हिशोबाचं वर्ष निवडायची मुभा होती, आणि दिवाळी वर्ष धरणारे व्यापारी भरपूर होते. ही मुभा १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने काढून घेतली. १ एप्रिल १९८९ पासून करासाठी सगळ्यांचं वर्ष एकच झालं, ३१ मार्चला संपणारं.

आता बघा काय झालं ते. ३१ मार्च म्हणजे खरीप मालाच्या व्यापाराचा ऐन मध्य. ऑक्टोबरात स्वस्तात घेतलेला माल अर्धा विकलेला, अर्धा शिल्लक, आणि मधल्या महिन्यांत चढ्या भावाने घेतलेला मालही त्यातच. ज्या दिवशी हिशोब बंद करायचा, त्याच दिवशी गोदामात वेगवेगळ्या भावांचे कट्टे एकत्र पडलेले. दिवाळीला न पडणारा प्रश्न मार्चला पडायला लागला. विकले ते कुठले कट्टे, आणि उरले ते कुठले?

तर २०२०-२१. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ३,८८० रुपये क्विंटल, आणि हंगामाच्या सुरुवातीला बाजारभाव त्याच्याच आसपास होता. मग भाव चढत गेला. मार्चपर्यंत पाच हजारांच्या वर गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विदर्भातल्या बाजारांत दहा हजारांच्या घरात पोचला. सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवं पीक आलं आणि भाव खाली आला. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदेही थांबवले.

आता एक काल्पनिक व्यापारी घेऊ. आकडे गोल केलेत, कारण डोक्यात हिशोब करता आला पाहिजे. त्याने ऑक्टोबर २०२० मध्ये १०० क्विंटल घेतलं ४,००० ने. जानेवारीत १०० क्विंटल ४,४०० ने. मार्चच्या सुरुवातीला आणखी १०० क्विंटल ५,४०० ने. एकूण ३०० क्विंटल, गुंतले १३ लाख ८० हजार. मार्चअखेर त्यातलं २०० क्विंटल ५,६०० ने विकलं. हातात आले ११ लाख २० हजार. गोदामात उरलं १०० क्विंटल.

फिफोने बघू. आधी आलं ते आधी गेलं, म्हणजे ऑक्टोबर आणि जानेवारीचा माल विकला गेला. त्याची किंमत ८ लाख ४० हजार. नफा २ लाख ८० हजार. शिल्लक राहिला तो मार्चचा माल, मूल्य ५ लाख ४० हजार.

आता भारित सरासरी, म्हणजे वेटेड ॲव्हरेज. १३ लाख ८० हजार भागिले ३००, म्हणजे क्विंटलला ४,६००. सगळे कट्टे एकाच भावाचे समजायचे. विकलेल्या २०० ची किंमत ९ लाख २० हजार. नफा २ लाख. शिल्लक मालाचं मूल्य ४ लाख ६० हजार.

फरक ८० हजारांचा. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला त्या वर्षी २४ हजारांचा जास्तीचा कर, सेस वेगळा. का? भाव चढत असताना फिफो जुनी, स्वस्त खरेदी आजच्या महाग विक्रीसमोर ठेवतं, म्हणून नफा फुगतो. सरासरी मात्र मार्चच्या महाग खरेदीचा थोडा वाटा विकलेल्या मालावरही टाकते, म्हणून नफा कमी दिसतो. सरासरीने जे ८० हजार विकलेल्या मालाच्या खर्चात घातले, तेच फिफोने गोदामातल्या मालाच्या मूल्यात ठेवले.

आता रोकड बघा. गेले १३.८० लाख, आले ११.२० लाख. म्हणजे या माणसाच्या खिशातून २ लाख ६० हजार कमी झालेत, आणि फिफोची वही म्हणते २ लाख ८० हजार नफा! दोन्ही खरं आहे. नफा कट्ट्यांच्या रूपात गोदामात पडलाय. पण कर कट्ट्यांनी भरता येत नाही. चढत्या भावात छोट्या व्यापाऱ्याची जी ओढाताण होते ती इथे. त्याला पुढचा माल महाग घ्यायचाय आणि कर मात्र आत्ताच रोखीत द्यायचाय.

मग सगळ्यांनी सरासरीच का वापरू नये? दोन कारणं. पहिलं, हा फरक कायमचा नाही. उरलेले १०० क्विंटल त्याने पुढच्या आर्थिक वर्षात, समजा मे २०२१ मध्ये, ७,००० ने विकले. फिफोवाल्याचा नफा १ लाख ६० हजार, सरासरीवाल्याचा २ लाख ४० हजार. दोन वर्षांची बेरीज करा. दोघांचीही ४ लाख ४० हजार. यंदाचा शिल्लक साठा हाच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा असतो, त्यामुळे इथे वाचवलेलं तिथे निघतं. पद्धत नफा निर्माण करत नाही, तो कोणत्या वर्षात दिसेल एवढंच ठरवते. हां, भाव चढतच राहिला आणि गोदाम कधी रिकामं झालंच नाही, तर हा फरक पुढे पुढे ढकलला जातो. आणि भाव पडायला लागला की चित्र उलटं होतं. तेव्हा सरासरी जास्त नफा दाखवते आणि फिफो कमी.

दुसरं कारण बँक. सीसी लिमिट असेल तर किती रक्कम उचलता येईल ते साठ्याच्या मूल्यावर ठरतं. बँकेने २५ टक्के मार्जिन धरलं, तर ५.४० लाखांच्या साठ्यावर ४ लाख ५ हजार, आणि ४.६० लाखांच्या साठ्यावर ३ लाख ४५ हजार. म्हणजे करात जे २४ हजार वाचले, त्यासाठी ६० हजारांची उचल सोडावी लागली. ऐन हंगामात कुठलं जास्त दुखतं ते ज्याचं त्याला माहीत.

कोणी विचारेल, मग नवीन माल आधी विकला असं धरलं तर? म्हणजे लिफो, आपल्या भाषेत स्टॅक. चढत्या भावात त्यात नफा सगळ्यात कमी दिसतो, म्हणूनच अमेरिकेत १९३९ पासून करासाठी तो सर्रास चालतो. आपल्याकडे सीए इन्स्टिट्यूटच्या १९८१ च्या एएस-२ मध्ये त्याला जागा होती. १९९९ च्या सुधारित एएस-२ ने ती काढली. एकसारख्या, एकमेकांत मिसळणाऱ्या मालासाठी फिफो किंवा भारित सरासरी, एवढेच दोन पर्याय उरले. करासाठीच्या आयसीडीएस-२ मध्येही हेच दोन आहेत, आणि वाजवी कारणाशिवाय पद्धत बदलता येत नाही. भाव चढला की सरासरी आणि पडला की फिफो, अशी उडी मारता येऊ नये म्हणून.

आणि शिल्लक माल सरळ बाजारभावानेच का दाखवू नये? याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्ये चैनरूप संपतराम खटल्यात दिलंय. तिथे वाद चांदीच्या साठ्यावरून होता. कोर्टाचं म्हणणं असं, की साठ्याचं मूल्य वहीत धरायचं ते न विकलेल्या मालाचा खर्च बाजूला काढण्यासाठी, न झालेला नफा मोजण्यासाठी नव्हे. म्हणून मूल्य धरायचं ते खरेदी किंमत किंवा बाजारात मिळू शकणारी किंमत, यातलं जे कमी असेल ते. आपल्या व्यापाऱ्याचे १०० क्विंटल ३१ मार्चला ५,६०० ला जात असले तरी वहीत ५,६०० येत नाही, ते यामुळे.

एक बारकावा राहिला. वर मी पूर्ण वर्षाची एकच सरासरी काढली. पण समजा त्याने ते २०० क्विंटल फेब्रुवारीतच विकून गोदाम रिकामं केलं, आणि मार्चचा माल नंतर आला. मग फेब्रुवारीत विकलेल्या मालात मार्चचा भाव कुठून येणार? दर खरेदीला नव्याने काढलेली चालती सरासरी वापरली, तर विकलेल्याची किंमत ८ लाख ४० हजारच येते, फिफोइतकीच. वर्षाची सरासरी मात्र तेव्हाही ९ लाख २० हजारच सांगते. नियमात दोन्ही बसतं. म्हणून नुसतं 'सरासरी पद्धत' एवढं वाचून समाधान मानू नका, कुठली सरासरी ते विचारा. टॅलीमध्ये प्रत्येक मालाला Costing Method नावाची जागा असते, तिथे Avg. Cost आहे की FIFO हे बघितलं की अर्धं उत्तर मिळतं.

थोडक्यात, एखाद्या व्यापाऱ्याचा किंवा कंपनीचा नफा चढत्या भावाच्या वर्षात अचानक वाढलेला दिसला, तर तीन गोष्टी बघायच्या. साठ्याच्या मूल्यमापनाची टीप काय म्हणते, पद्धत गेल्या वर्षीचीच आहे का, आणि नफा वाढला तेवढी रोकड आली का. नफा वाढला, साठ्याचा आकडा वाढला आणि रोकड आटली असेल, तर तो नफा अजून कट्ट्यांत आहे. तो बाहेर येईल की भाव पडून तिथेच विरेल, हे पुढच्या हंगामाची आवक ठरवणार.