पेट्रोल चाळीसचं, अडकले पावणेदोनशे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पंपावरचा पोरगा आधी पेट्रोल भरतो, मग कार्ड स्वाइप करतो. आकडा ठरलेला, म्हणून जास्तीचं काही अडकत नाही. अमेरिकेत पंपावर आधी कार्ड, मग पेट्रोल. तुम्ही किती भरणार हे ठाऊक नसल्याने पंप बँकेकडे अंदाजे रक्कम राखून ठेवायला सांगतो. 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने ही कमाल मर्यादा 125 वरून 175 डॉलर केली.

समजा, खात्यात 200 आहेत आणि 40 चं भरलंत, तर तात्पुरते हाती उरतात फक्त 25. पंपाचा खरा आकडा पोचला की बँक जास्तीचे 135 सोडते. कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी. म्हणून डेबिट कार्ड असेल तर आत काउंटरवर नेमकी रक्कम सांगूनच पैसे द्यावेत.