निकालपत्रकातील उत्तीर्ण-अनुत्तीर्ण शेरा (IF सूत्र)

गुणांची किमान मर्यादेशी तुलना करून शेरा देणारे एक्सेलमधील सूत्र. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीला भाषा विषयात लेखी ८० आणि अंतर्गत २० मिळून १०० पैकी ३५ गुण लागतात. चिंचवडच्या एखाद्या शाळेत सराव परीक्षेचा तक्ता करताना शिक्षक साहजिकच असे लिहितात :

```
=IF(C2>=35,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")
```

३५ ला ‘उत्तीर्ण’ आणि ३४ ला ‘अनुत्तीर्ण’ येते. पण गैरहजर मुलापुढे AB लिहिले, की तोही ‘उत्तीर्ण’ ठरतो! एक्सेल तुलनेत कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानते, त्यामुळे AB हे ३५ पेक्षा मोठे ठरते. उलट रिकामा चौकोन शून्य धरला जातो आणि पेपर तपासायचा राहिलेला मुलगा नापास दिसतो. दोन्ही चुका मुलांवर अन्याय करणाऱ्या आहेत, आणि एक्सेल त्यांबद्दल कसलीही सूचना देत नाही. म्हणून गैरहजेरी आधी तपासावी :

```
=IF(C2="AB","गैरहजर",
 IF(ISNUMBER(C2),
 IF(C2>=35,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"),
 "तपासा"))
```

आता ७२ ला ‘उत्तीर्ण’, २८ ला ‘अनुत्तीर्ण’, AB ला ‘गैरहजर’ येते. रिकाम्या चौकोनाला ‘तपासा’. AB नंतर चुकून जागा सुटली तरी ‘तपासा’च येते. दुसरीकडून चिकटवलेले गुण कधीकधी मजकूर म्हणून उतरतात. असा २८ पहिल्या सूत्रात चक्क उत्तीर्ण होतो. एरवी संख्या चौकोनात उजवीकडे बसते, हा मात्र डावीकडे चिकटलेला दिसतो.