पाच बिंदूंची दोन झाडं

डेन्मार्कच्या माळरानांवर कोणत्या वनस्पती एकत्र वाढतात, हे थोरवाल्ड सोरेन्सन यांना नोंदींवरून ठरवायचं होतं. 1948 साली त्यांनी गटासाठी कडक अट घातली : आतला प्रत्येक नमुना बाकीच्या प्रत्येकाशी ठरावीक प्रमाणात जुळलाच पाहिजे. आजच्या कंप्लीट लिंकेजचं मूळ इथे आहे. 1951 मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरातल्या फ्लोरेक, स्टाइनहाउस आदी गणितज्ञांनी नेमका उलटा विचार मांडला. बिंदू जवळच्या बिंदूशी जोडत जायचे आणि गट हवे असतील तेव्हा सर्वांत लांब दुवे तोडायचे. हीच रीत 1957 मध्ये पीटर स्नीथ यांनी संगणकावर जीवाणूंच्या वर्गीकरणासाठी वापरली. ती सिंगल लिंकेज.

दोन्हींतला फरक कागदावर चटकन दिसतो. एका रेषेवर पाच बिंदू घ्या : क 0 वर, ख 10, ग 22, घ 35, च 49 वर. सर्वांत जवळचे क आणि ख, म्हणून दोन्ही रीतींत ते 10 वर जुळतात. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो : या जोडीपासून ग किती दूर? सिंगल म्हणते 12, कारण ती जवळचा ख धरते. कंप्लीट म्हणते 22, कारण ती लांबचा क धरते.

सिंगलमध्ये मग ग 12 वर, घ 13 वर, च 14 वर येऊन चिकटतो. कंप्लीटमध्ये मात्र 22 पेक्षा ग–घ हे 13 लहान, म्हणून ती जोडी आधी होते. तिला च 27 वर मिळतो आणि दोन्ही गट 49 वर एक होतात.

आलेखाच्या कागदावर तळाशी पाच नावं लिहा, डाव्या बाजूला अंतर मांडा आणि प्रत्येक जोडणीची आडवी रेघ तिच्या अंतराच्या उंचीवर ओढा. पाच बिंदूंना चारच रेघा. या दोन रीतींत एखादी रेघ आधीच्या रेघेखाली आली, तर कुठेतरी चूक आहे. बहुधा एखाद्या टप्प्यावर अंतरांच्या तक्त्यातलं सर्वांत लहान अंतर नजरेतून सुटलेलं असतं.

सिंगलचं झाड जिन्यासारखं एकाच बाजूला चढतं. दोन गट मागितले तर ती च एकटा काढते आणि क व घ एकमेकांपासून 35 दूर असूनही त्यांना एकत्र ठेवते. साखळी बनण्याचा हा दोष तिच्या नियमातच आहे. कंप्लीट क–ख आणि ग–घ–च असे आटोपशीर गट देते, पण त्यासाठी ग ला त्याच्या सर्वांत जवळच्या ख पासून तोडते. दोघींपैकी निर्दोष कुणीच नाही. म्हणून मी दोन्ही झाडं शेजारीशेजारी काढल्याशिवाय गटांवर विश्वास ठेवत नाही.

1969 मध्ये गॉवर आणि रॉस यांनी दाखवलं, की सगळ्या बिंदूंना जोडणारं सर्वांत कमी लांबीचं जाळं मिळालं, की सिंगलचं झाड त्यातूनच निघतं. आपल्या उदाहरणात ते जाळं म्हणजे 10, 12, 13, 14 हे चार दुवे. कंप्लीटचे 27 आणि 49 त्यात कुठेच नाहीत. त्यासाठी सगळ्या दहा अंतरांचा तक्ता लागतो.